दहा दिवस, चारशे ऐंशी पाने आणि एक नकार

फोंड्याजवळच्या एका देवस्थानाचा इतिहास लिहून झालेले एक निवृत्त शिक्षक गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. वय एक्याऐंशी. पिशवीतून त्यांनी आधी संहिता काढली आणि मग तिच्यावर ठेवलेले दोन पानी पत्र. पत्र पणजीच्या एका मुद्रितशोधक बाईंचे होते. पुस्तकाचे प्रकाशन माघातल्या जत्रेच्या दिवशी व्हावे अशी सरांची इच्छा होती. छपाईला लागणारा वेळ वजा केला तर मुद्रितशोधनाला दहा दिवस उरत होते, आणि तेवढ्यात हे काम होणार नाही असे बाईंनी अत्यंत आदराने कळवले होते. सरांनी ते पत्र वाचनालयातल्या मासिक बैठकीत दाखवले, आणि तिथून वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, हा उद्धटपणा आहे. कोणी म्हणाले, गोव्यात मराठीसाठी झटणारी माणसेच उरली नाहीत. बाईंच्या बाजूचे लोक म्हणाले, त्यांचाही नाइलाज असेल, प्रकृती असेल, घरची अडचण असेल. मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो. पत्रात प्रकृतीचा किंवा घरच्या अडचणीचा शब्दही नाही. त्यात हिशेब आहे. त्या हिशेबाकडे कोणी पाहिलेच नाही. माझे म्हणणे असे की हा नकार बरोबर होता, आणि बाईंनी होकार दिला असता तर त्या पुस्तकाचे नुकसान झाले असते.

पत्राचा सुरुवातीचा भाग सरांच्या परवानगीने इथे देतो.

“आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आपली संहिता आज मिळाली. पहिली तीस पाने आणि मधली काही पाने वाचून हे लिहीत आहे. अशा मजकुराची माझ्याकडून तासाला आठ पाने होतात, आणि दिवसाला पाच तासांहून अधिक वेळ मी या कामाला देत नाही, कारण पुढच्या तासांतले माझे वाचन मलाच भरवशाचे वाटत नाही. चारशे ऐंशी पानांच्या पहिल्या वाचनाला साठ तास, म्हणजे बारा दिवस लागतील. दुरुस्त्या करायला ऑपरेटरला चार दिवस. दुरुस्त्या झाल्या की नाहीत, आणि त्या करताना नव्या चुका शिरल्या की काय, हे पाहणारे दुसरे वाचन तासाला सोळा पानांप्रमाणे तीस तासांचे, म्हणजे सहा दिवसांचे. सूची, मथळे आणि पानांचे क्रमांक यांना दोन दिवस. एकूण कामाचे चोवीस दिवस होतात. आपण दहा दिवस दिले आहेत. एवढ्या वेळात माझे पहिले वाचनही पुरे होत नाही. क्षमा असावी.”

आता विरोधकांचा सगळ्यांत जोरदार मुद्दा घेतो, कारण तो बैठकीत एका हिशेबी गृहस्थांनी मांडला आणि त्याला कोणी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, साठ अधिक तीस म्हणजे नव्वद तास. रोज नऊ तास बसल्या असत्या तर दहा दिवसांत काम झाले असते. आणि ऑपरेटरचे चार दिवस वेगळे कशाला धरायचे? पुस्तक सोळा-सोळा पानांच्या तीस फॉर्मांचे आहे. पहिला फॉर्म वाचून झाला की ऑपरेटरकडे द्यावा, त्याची दुरुस्ती होईपर्यंत दुसरा वाचावा. छापखान्यात हे रोज चालते. हे खरेच आहे, मी स्वतः असे काम होताना पाहिले आहे. वृत्तपत्राच्या रात्रपाळीत तर पान सुटण्याची वेळ ठरलेली असते आणि तेवढ्या वेळात मजकूर वाचून होतोच. मग पुस्तकाचे काय एवढे?

फरक मजकुरात आहे, आणि तो समजण्यासाठी सरांच्या संहितेत शिरावे लागते. मी त्यातली पन्नासेक पाने वाचली. देवस्थानाचा इतिहास म्हणजे निम्मे पुस्तक जुन्या कागदपत्रांतली अवतरणे. महाजनांचे ठराव, मोडीतून देवनागरीत उतरवलेल्या याद्या, पोर्तुगीज कागदांचे सरांनी केलेले अनुवाद. यातल्या जुन्या मराठी अवतरणांत ‘देवळांत दिवा लावावा’ असे वाक्य येते. जुन्या लेखनपद्धतीत एका देवळासाठीही ‘देवळांत’ असा अनुस्वार देत. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार राहिला. म्हणजे आजच्या लेखनात ‘देवळात’ म्हणजे एका देवळात, आणि ‘देवळांत’ म्हणजे अनेक देवळांत. सर जुन्या वळणाचे, त्यांच्या स्वतःच्या वाक्यांतही कुठे अनुस्वार आहे, कुठे नाही. मग मुद्रितशोधकाने काय करायचे? अवतरणातला अनुस्वार तसाच ठेवायचा, कारण तो कागदाचा आहे. सरांच्या वाक्यातला मात्र अर्थ पाहून ठेवायचा किंवा काढायचा. एकच शब्द, पण प्रत्येक ठिकाणी निर्णय वेगळा. आणि इथे अर्थ पाहणे म्हणजे सेवा एका मुख्य देवळाची की परिवारदेवतांच्या देवळांचीही, हे त्या प्रकरणात मागे जाऊन पाहणे. देवस्थानांचे मानपान आणि हक्क यांवरून गोव्यात किती पिढ्या कोर्टाची पायरी चढल्या आहेत, हे मी गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. उद्या कोणी हे पुस्तक पुरावा म्हणून पुढे केले, तर त्या एका टिंबावरून भांडण उभे राहू शकते.

दुसरी अडचण यंत्रातून आलेली. सरांनी पहिली काही प्रकरणे पंधरा वर्षांपूर्वी जुन्या फॉण्टमध्ये टाइप करून घेतली होती, ती नंतर युनिकोडमध्ये बदलून घेतली. अशा बदलात काही जोडाक्षरे बिघडतात, आणि सरांच्या संहितेत ‘ऱ्य’ बिघडला आहे. त्याच्या जागी सगळीकडे ‘र्य’ पडला आहे. ‘कार्याला’ बरोबर आहे, पण ‘वार्याला’ चूक, तिथे ‘वाऱ्याला’ हवे. हे डोळ्यांना तरी खटकते. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’? मांडवीच्या मुखाशी दर्या आहे, सत्तरीत दऱ्या आहेत, दोन्ही शब्द शुद्ध. किंवा ‘आचार्यांना शिधा दिला’. मठातले आचार्य की उत्सवाच्या स्वयंपाकाला आणलेले आचारी? आचारी असतील तर ‘आचाऱ्यांना’ हवे. देवस्थानाच्या इतिहासात दोघेही येतात, आणि शिधा दोघांनाही मिळतो. शोधा-आणि-बदला ही आज्ञा दिली तर जे बरोबर आहेत तेही बिघडतील. संगणकाची शुद्धलेखन-तपासणीही इथे गप्प बसते, कारण तिच्या लेखी दोन्ही शब्द कोशात आहेत. एकेक जागा वाचून ठरवण्याला पर्याय नाही, आणि तासाला आठ पाने हा वेग त्यातूनच येतो.

तिसरी गोष्ट नावांची. पोर्तुगीज कागदांत ‘पोरोबो’ असे लिहिलेले आडनाव देवनागरीत प्रभू होऊ शकते आणि परबही. सरांच्या संहितेत एका प्रकरणात प्रभू आहेत, दुसऱ्यात परब आणि एका तळटीपेत पोरोब. हे एक घराणे की तीन? मुद्रितशोधकाने ते आपल्या मनाने एक करून टाकले, तर महाजनांच्या एका घराण्याचा इतिहास दुसऱ्याच्या पदरात जाईल. तो प्रश्न लेखकालाच विचारावा लागतो, लेखकाला जुनी वही काढावी लागते, कधी कोणाच्या घरी जावे लागते. तसेच गावांचे. केरी नावाची गावे फोंड्यात, सत्तरीत आणि पेडण्यातही आहेत. ‘केरीचे गावकर पालखीला आले’ असे वाक्य आले की कुठले केरी, हे लेखकाला माहीत असते, पण वाचकाला नसते. सरांनी तालुका कुठे दिला आहे, कुठे दिलेला नाही. दहा दिवसांच्या घाईत असा प्रश्न विचारला जात नाही, आणि विचारला तरी उत्तराची वाट पाहिली जात नाही.

आता त्या हिशेबी गृहस्थांकडे परत येतो. फॉर्मागणिक वाचत जावे ही त्यांची सूचना कथा-कादंबरीला चालेल. इथे ती अडते. प्रभू आणि परब यांचा उलगडा होतो तिनशेव्या पानावर, आणि तो उलगडा झाला की विसाव्या पानाकडे परतावे लागते. विसावे पान दुसऱ्या फॉर्ममध्ये आहे. तो फॉर्म दुरुस्त होऊन छापायला गेला असेल तर? म्हणून असे पुस्तक एकदा अथपासून इतिपर्यंत वाचून झाल्याशिवाय त्यातला एकही फॉर्म अंतिम म्हणता येत नाही. राहिले नऊ तासांचे. मुद्रितशोधकाचे वाचन आपल्या वाचनापेक्षा वेगळे असते. आपण अर्थ वाचतो, अक्षरांवरून सरकतो, आणि ‘सरकराने’ लिहिले असले तरी मन ‘सरकारने’ असेच वाचून घेते. मुद्रितशोधक ही सवय दाबून ठेवतो, आणि हे दाबून ठेवणे थकवणारे असते. थकला की तो तुमच्या-माझ्यासारखा वाचू लागतो. त्याची खूणही आहे. मजकूर आवडू लागतो, गोष्टीत रस वाटू लागतो, पाने भराभर उलटतात आणि समासातल्या खुणा विरळ होतात. बाईंनी पाच तासांची मर्यादा घातली आहे ती आळसापोटी नाही. सहाव्या तासापासूनच्या वाचनाचे पैसे घेणे त्यांना पटत नाही.

वृत्तपत्राचे उदाहरण देणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की वृत्तपत्राला उद्याचा अंक असतो. पुस्तकाला दुसरी आवृत्ती असते, पण गोव्यातल्या किती मराठी स्थानिक इतिहासांना ती मिळते?

“काहीच न वाचण्यापेक्षा जमेल तेवढे वाचलेले बरे”, हा मुद्दा मला बराच काळ पटत होता. आता पटत नाही, आणि याला माझाच एक अनुभव कारण आहे. बारा वर्षांपूर्वी मी एका संस्थेची स्मरणिका चार दिवसांत वाचून दिली. देणगीदारांची यादी होती, दोन स्तंभांत. पहिल्या स्तंभात श्री., श्रीमती, कै. अशी उपपदे, दुसऱ्यात नावे. टाइप करताना पहिल्या स्तंभातली एक ओळ गळाली आणि तिथून पुढची सगळी उपपदे एकेक ओळ वर सरकली. मी नावे वाचली. एकाही नावात चूक नव्हती. उपपदांतही चूक नव्हती, ‘कै.’ चे टिंबदेखील जागेवर होते. स्मरणिका वाटली गेली तेव्हा समोर खुर्चीवर बसलेल्या एका हयात माणसाच्या नावामागे ‘कै.’ होते, आणि वर्षापूर्वी गेलेल्या एका माणसाच्या नावामागे ‘श्री.’. त्याच्या पत्नीने ते पान माझ्यासमोर धरले. ती काही बोलली नाही. अशी यादी वाचण्याची पद्धत छापखान्यांत ठरलेली आहे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून ताडायचे. त्यासाठी दोन माणसे लागतात आणि दुप्पट वेळ लागतो. माझ्याकडे दोन्ही नव्हते, आणि तरीही मी हो म्हटले होते. स्मरणिकेत ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे माझे नाव छापलेले होते, म्हणून संपादकांनी ती यादी पुन्हा पाहिली नाही. माझे नाव नसते तर त्यांनी पाहिली असती. अर्धवट वाचनाचा धोका हा आहे. वाचलेच नाही तर सगळे सावध असतात, थोडे वाचले की सगळे निर्धास्त होतात.

सरांच्या पुस्तकाला हे अधिक लागू आहे. समजा, बाईंनी दहा दिवसांत अर्धे पुस्तक नीट वाचले आणि अर्धे नुसते चाळले. पहिल्या अर्ध्यात ‘पोरोब’ जाऊन ‘प्रभू’ झाले, दुसऱ्या अर्ध्यात ‘पोरोब’ राहिले. आधी ती लेखकाची विसंगती दिसत होती, कळणारा वाचक शंका घेत होता. आता पहिले अर्धे इतके स्वच्छ आहे की वाचक समजणार, ही दोन घराणी आहेत. चार जणांत काम वाटून द्यावे या सूचनेचेही हेच होते. चौघे चार तऱ्हांनी ठरवणार. ते एकसारखे ठरावे म्हणून आधी निर्णयांची एक वही करावी लागते, कुठला शब्द कसा लिहायचा, कुठे जुने लेखन ठेवायचे, आणि ती वही करण्यासाठी कोणीतरी एकाने पुस्तक पूर्ण वाचावे लागते. म्हणजे बारा दिवस आलेच.

बैठकीत एका प्राध्यापकांनी इतिहासातला दाखला दिला, आणि तो दाखला चांगला होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे भारतीय औषधींवरचे संवाद १५६३ मध्ये इथेच, गोव्यात छापले गेले. युरोपीय पद्धतीचा आशियातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ ला सुरू झाला, त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. त्या ग्रंथात छपाईच्या इतक्या चुका आहेत की शुद्धिपत्रच वीसेक पानांचे झाले. तरीही तो ग्रंथ जगभर गेला, आजही वाचला जातो. मग चुकांचा एवढा बाऊ कशाला? मजकुरात कस असला की पुस्तक तरते.

कस असला की तरते हे मान्य. पण ओर्ताचा ग्रंथ कसा तरला, हे पुरते सांगायला हवे. युरोपातल्या विद्वानांपर्यंत तो पोचला तो क्लूसियसने १५६७ मध्ये अँटवर्पला काढलेल्या संक्षिप्त लॅटिन रूपातून. एका मोठ्या वनस्पतितज्ज्ञाने तो पुन्हा वाचला, निवडला, नीट मांडला. फोंड्याच्या देवस्थानाच्या मराठी इतिहासाला असा क्लूसियस कुठून मिळणार? आणि ते शुद्धिपत्र तरी काय सांगते? चुका झाल्यावर का होईना, कोणीतरी पूर्ण ग्रंथ ओळीगणिक वाचला, चुका टिपल्या आणि वीस पाने खर्चून त्या कबूल केल्या. तो वेळ तेव्हाही द्यावाच लागला, फक्त छापून झाल्यावर. आज किती प्रकाशक वीस पानांचे शुद्धिपत्र जोडतील?

आता जो मुद्दा मला खरोखर जड जातो त्याकडे येतो. सर एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी या पुस्तकासाठी अठरा वर्षे घालवली. पुस्तक हातात घेऊन देवासमोर ठेवावे ही त्यांची इच्छा आहे, आणि पुढच्या जत्रेची खात्री त्यांना कोण देणार? गोव्यात मराठी पुस्तक असे वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतल्याच एकीने नाही म्हटले तर म्हाताऱ्या माणसाने जायचे कुठे? याला हिशेबाने उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. पण पत्राचे दुसरे पान बैठकीत कोणी वाचलेच नाही. त्यात बाईंनी लिहिले आहे की जत्रेच्या दिवशी प्रकाशन व्हावे असे वाटत असेल तर पहिले प्रकरण, म्हणजे दोन फॉर्मांची बत्तीस पाने, स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढावी. तेवढी पाने दोन्ही वाचने करून त्या आठ दिवसांत देतील, आणि पुढचे पुस्तक त्यानंतर लगेच हाती घेतील. दुसरा पर्याय, दहा दिवसांत फक्त शके आणि इसवी सन ताडून द्यायचे. पहिल्या तीस पानांतच त्यांना ‘शके १७८८ (इ.स. १८८६)’ असे सापडले होते. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १८६६ येते, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत फार तर १८६७. वीस वर्षांचा फरक. पण एवढेच केले तर मुद्रितशोधक म्हणून आपले नाव छापू नये, अशी अट त्यांनी घातली होती. हे पत्र संहिता मिळाली त्याच संध्याकाळी लिहिलेले आहे. हो म्हणून, आठव्या दिवशी फोन न उचलणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल कोणत्या बैठकीत चर्चा होते?

पत्रात मला एक गोष्ट मात्र खटकली. बाईंनी दोन पानांत तीनदा क्षमा मागितली आहे. ज्याने दहा दिवस ठरवले त्याने हिशेब केला नव्हता. छपाईचे दिवस धरले, बांधणीचे धरले, निमंत्रणपत्रिकेचेही धरले, आणि जे उरले ते वाचनाला दिले. आपल्याकडे मुद्रितशोधनाला नेहमी उरलेलेच दिवस मिळतात. तारीख ठरवायच्या आधी बाईंना एक फोन केला असता तर मार्गशीर्षातच काम सुरू झाले असते.

सरांनी पुस्तिकेचा पर्याय घेतला. बत्तीस पाने जत्रेच्या दिवशी देवासमोर ठेवली गेली. परवा ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या हातात बाईंच्या प्रश्नांची पहिली यादी होती, एकूण सत्तावीस प्रश्न. त्यांतला अकरावा असा होता: “पान ५४. ‘केरीचे गावकर’. कोणते केरी?” सर बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, मी आजवर फोंड्यातले केरी धरून चाललो होतो, पण मूळ कागदात तालुका आहे का, ते मी कधी पाहिलेच नाही. उद्या सकाळी जाऊन पाहतो.